कावीळ एक, विषाणू पाच

मराठीत ‘कावीळ’ या एका शब्दावर फार मोठा भार पडतो. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, फोडणीच्या वासानेही मळमळू लागले की घरातले कोणीतरी म्हणतेच, ‘कावीळ झाली.’ रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी रोज मोडत असतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते गाळून पित्तावाटे आतड्यात सोडते. यकृत सुजले की हे काम अडते, द्रव्य रक्तात साठते आणि आधी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, मग कातडीत उतरते. यकृत सुजण्याची कारणे मात्र अनेक असतात. दारू, काही औषधे, पित्ताशयातून घसरलेला खडा, पावसाळ्यातला लेप्टो ही त्यांपैकी काही. हेपेटायटिसचे पाच विषाणू हे आणखी एक मोठे कारण आहे. हेपेटायटिस म्हणजे यकृताची सूज, आणि त्या पाच विषाणूंना ए, बी, सी, डी आणि ई अशी अक्षरे दिलेली आहेत.

अक्षरे ओळीने लागल्यामुळे हे पाचही एकाच घरातले वाटतात. आडनाव सारखे, पण घराणी वेगळी, असा हा प्रकार आहे. ए हा पोलिओच्या विषाणूच्या कुळातला आहे, तर सी हा डेंग्यूच्या. बी या दोघांपासून पूर्ण वेगळा आहे. डी हा अर्धवट विषाणू असून बीच्या मदतीशिवाय त्याला टिकता येत नाही. यकृतात वस्ती करणे एवढेच या पाचांत समान आहे. त्यामुळे एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला ओळखत नाही.

गावातल्या आरोग्य सभेत एक प्रश्न हमखास येतो : ‘मुलीला काविळीची इंजेक्शने दिली होती, तरी तिला कावीळ कशी झाली?’ इंजेक्शने बहुधा बीची असतात आणि पावसाळ्यात शाळकरी मुलीला झालेली कावीळ बहुधा एची किंवा ईची असते. लस निकामी नव्हती, ती दुसऱ्याच विषाणूवर होती. लसीच्या कार्डावर ‘काविळीची लस’ असे न लिहिता कोणत्या अक्षराची लस, हे लिहिलेले असावे, ते यासाठीच.

या विषाणूंमधला फरक समजून घ्यायचा तर सहसा पसरण्याच्या वाटेपासून सुरुवात केली जाते. ए आणि ई विष्ठेतून पाण्यात व अन्नात आणि तिथून तोंडावाटे पोटात जातात. बी, सी आणि डी रक्तातून जातात. ही विभागणी बरोबर आहे, पण अपुरी आहे. विषाणू माणसाला कोणत्या वयात, शरीराच्या कोणत्या अवस्थेत गाठतो, यावर पुढचे जवळजवळ सगळे ठरते. कोणती लस कधी द्यायची, याचेही उत्तर तिथेच आहे.

हेपेटायटिस ए हा लहानपणी सौम्य आणि मोठेपणी जड जाणारा आजार आहे. पाच-सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांत तो कावीळ न होताच निघून जातो. दोन दिवस कणकण, थोडी उलटी, जेवणाला नको म्हणणे, एवढेच घडते आणि घरच्यांना ते पोट बिघडल्यासारखे वाटते. प्रतिकारशक्ती मात्र जन्मभराची मिळते. हाच विषाणू विशी-तिशीत पहिल्यांदा भेटला तर शंभरातल्या सत्तराहून अधिक जणांना स्पष्ट कावीळ होते, काही आठवडे अंथरूण धरावे लागते आणि क्वचित यकृत निकामीही होते. शरीरात तो कायमचा मात्र कधीच राहत नाही.

यातून एक विचित्र परिस्थिती उभी राहते. पूर्वी गावोगाव अस्वच्छ पाण्यामुळे जवळजवळ प्रत्येक मूल शाळेत जाण्याआधीच एला भेटून मोकळे होत असे. नळाचे पाणी, शौचालये, गाळणयंत्रे आली आणि मुले त्याच्यापासून वाचू लागली. हे चांगलेच झाले, पण त्या मुलांची आता मोठी, अजून एला न भेटलेली पिढी झाली आहे. एखाद्या दिवशी वसतिगृहाची टाकी, लग्नातले सरबत किंवा विहिरीचे पाणी दूषित होते आणि एकदम तरुणांची रांग दवाखान्यात लागते. स्वच्छतेत पुढे असलेल्या केरळात २०२४ मध्ये मलप्पुरम आणि एर्नाकुलम जिल्ह्यांत एच्या ज्या साथी आल्या, त्यांमागे हेच गणित आहे.

एची लस दोन प्रकारची मिळते. एकीत मारलेला विषाणू असतो. तिचा पहिला डोस वर्ष पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सहा महिन्यांनंतर देतात. दुसरीत कमकुवत केलेला जिवंत विषाणू असतो आणि एक डोस पुरतो. मात्र गरोदर स्त्रीला किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला ती देत नाहीत. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ए नाही, म्हणून ही लस खासगीत विकत घ्यावी लागते. जिच्या घरी लहानपणापासून गाळलेले, उकळलेले पाणी आहे आणि जी पुढे वसतिगृहात जाणार आहे, अशा मुलीला या लसीचा फायदा सर्वांत जास्त. आधीच यकृताचा आजार असलेल्यांनाही ती घ्यायला सांगतात, कारण दुखऱ्या यकृताला एचा धक्का सोसत नाही.

ईची वाट एसारखीच पाण्याची, पण त्याचा कल वेगळा. तो मुख्यतः तरुण प्रौढांना गाठतो आणि बहुतेकांत चार-सहा आठवड्यांत बरा होतो. त्याची खरी दहशत गरोदरपणात आहे. शेवटच्या तिमाहीत ई झाला तर यकृत झपाट्याने निकामी होऊ शकते आणि अशा रुग्ण स्त्रियांपैकी वीस ते पंचवीस टक्क्यांपर्यंत दगावतात. कावीळ झालेल्या गरोदर स्त्रीला ‘विश्रांती घे, उसाचा रस पी’ असे सांगून घरी ठेवू नये. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. ती असंबद्ध बोलू लागली, दिवसा झोपू आणि रात्री जागू लागली किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर तासांचाही उशीर परवडत नाही.

ईचा पहिला मोठा दाखला दिल्लीचा आहे, पण त्या वेळी त्याला नावही नव्हते. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेला पूर आला. पूर ओसरताना प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत मागे सरकले. तिथल्या अभियंत्यांच्या हे लक्षात आले आणि त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. त्यामुळे पटकी आणि विषमज्वर वाढले नाहीत. पण सुमारे सहा आठवड्यांनी, डिसेंबर आणि जानेवारीत, शहरात सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. जिवाणूंना मारणारी मात्रा या विषाणूला पुरली नव्हती. कित्येक वर्षे ही साथ ‘पाण्यातून पसरणाऱ्या हेपेटायटिस ए’ची म्हणून पाठ्यपुस्तकांत राहिली. त्या साथीतील रुग्णांचे रक्तद्रव जपून ठेवलेले होते. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात १९८० मध्ये ते पुन्हा तपासले गेले आणि त्यात ना ए सापडला, ना बी. म्हणजे तिसराच कोणीतरी होता. तीन वर्षांनी रशियन विषाणुशास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी अफगाणिस्तानातील आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः घेतला, स्वतःला कावीळ होऊ दिली आणि स्वतःच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू पाहिला. महाराष्ट्राला त्याची ओळख वारंवार पटत आली आहे. २०१२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीत ईची मोठी साथ आली होती.

ईवर लस आहे. ती चीनमध्ये तयार झाली आणि एक लाखाहून अधिक लोकांवर चाचणी झाल्यावर २०११ मध्ये तिला तिथे मान्यता मिळाली. तिचे डोस तीन : पहिला, मग एका महिन्याने, मग सहा महिन्यांनी. साथ रोखण्यासाठी तिचा पहिला वापर २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊ येथील विस्थापितांच्या छावणीत झाला. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. इथे ईवरचा इलाज अजून पाणीच आहे : खळखळून उकळलेले, आणि नळाच्या वाहिनीजवळून गटार जात असेल तर गळती शोधून दुरुस्त केलेले.

ए आणि ई आपोआप बरे होतात, या एका गोष्टीतून काविळीच्या माळेला आणि नाकात पिळायच्या पाल्याला मोठी कीर्ती मिळाली आहे. तिसऱ्या आठवड्यात डोळे निवळू लागतात, ते माळेविना निवळले असतेच. श्रेय मात्र माळेला जाते. त्या प्रतीक्षेत नुकसान होते ते दोन माणसांचे. एक म्हणजे ती गरोदर स्त्री. दुसरा म्हणजे बी किंवा सी शरीरात मुरलेला माणूस, ज्याचे डोळे बहुधा वर्षानुवर्षे पिवळे होतच नाहीत, म्हणून त्याच्या मनात ना माळ येते, ना डॉक्टर.

बीचे वयाशी असलेले नाते एच्या बरोबर उलट आहे. प्रौढाला बी झाला तर त्याची प्रतिकारशक्ती चवताळून उठते, यकृतातल्या बाधित पेशी मारते, कावीळ होते आणि शंभरातल्या पंचाण्णवाहून अधिक लोकांच्या शरीरातून विषाणू हद्दपार होतो. जन्माच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात बी झाला तर बाळाची कोवळी प्रतिकारशक्ती त्याला परका समजतच नाही. लढाई होत नाही, म्हणून कावीळही होत नाही. बाळ हसते-खेळते, दात येतात, शाळेत जाते आणि विषाणू राहूनच जातो. अशा शंभर बाळांपैकी सुमारे नव्वद जन्मभर बाधित राहतात. एक ते पाच वर्षे वयात हे प्रमाण सुमारे तीस ते पन्नासवर येते. मुरलेला विषाणू तिशी-चाळिशीत यकृत कडक करतो, त्याला सिरोसिस म्हणतात, किंवा यकृताचा कर्करोग घडवतो. गाजावाजा करणारी कावीळ पुष्कळदा सुटकेची खूण असते आणि बाळाची शांतता ही बीच्या मुक्कामाची.

प्रौढांतली लढाई नेहमीच सुखाने संपते असे नाही. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमधल्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा परिसरात बीची साथ आली आणि अनेकजण यकृत निकामी होऊन दगावले. तपासात बोट गेले ते पुन्हापुन्हा वापरलेल्या सिरिंजकडे. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा थेंबही बीला पुरतो आणि वाळलेल्या रक्तात हा विषाणू आठवडाभर तग धरतो. इंजेक्शनची सुई आणि सिरिंज प्रत्येक वेळी आपल्या डोळ्यांसमोर नव्या पाकिटातून काढली जात आहे का, हे पाहणे रुग्णाचा हक्क आहे. दाढीचे पाते, टाके, कान टोचणे, गोंदणे, दात काढणे, बाधित जोडीदाराशी असुरक्षित संबंध या बीच्या इतर वाटा आहेत. एकत्र जेवणे, एकाच तांब्यातून पाणी पिणे, मिठी मारणे यातून तो पसरत नाही.

बीची लस कशापासून बनते, हे कळले की तिची भीती कमी होते. विषाणूच्या अंगावर प्रथिनाचे एक आवरण असते. अमेरिकन शास्त्रज्ञ बरुच ब्लमबर्ग यांना हे प्रथिन १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडले. त्या कामासाठी त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आता जागतिक हेपेटायटिस दिन म्हणून पाळला जातो. सुरुवातीची लस बाधित लोकांच्या रक्तातून हे आवरण वेगळे करून बनवली जाई. १९८६ पासून मात्र या आवरणाचा जनुक यीस्टमध्ये घालून ते प्रथिन यीस्टकडूनच करवून घेतले जाते. लसीत विषाणू नाही, त्याचा फक्त सदरा आहे. म्हणून लसीमुळे बी होऊच शकत नाही. परदेशी बनावटीची ही लस सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने पहिली भारतीय लस आणली आणि तिची किंमत झपाट्याने खाली आली. २००२ नंतर निवडक ठिकाणी सुरू झालेले सरकारी लसीकरण २०११ पर्यंत देशभर पोहोचले. त्याआधी जन्मलेल्या पुष्कळांना ही लस मिळालेलीच नाही, ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

बाळाला बीचे चार डोस मिळतात. पहिला जन्मल्यापासून चोवीस तासांत, आणि मग सहा, दहा व चौदा आठवड्यांनी पंचगुणी म्हणजे पेंटाव्हॅलेंट लसीतून. यांपैकी पहिल्या डोसचे महत्त्व वेगळे आहे. बाकीच्या लसी विषाणू भेटण्याआधी देतात. हा डोस बहुधा विषाणू भेटल्यानंतर दिलेला असतो. बाधित आईच्या बाळाशी रक्ताचा संबंध प्रसूतीतच येतो. बी शरीरात सावकाश वाढतो, त्याला दीड ते सहा महिने लागतात. लस लगेच टोचली तर प्रतिकारशक्ती विषाणूच्या आधी तयार होते. दिवस उलटत गेले की ही शर्यत हरत जाते, म्हणून सहा आठवड्यांच्या इंजेक्शनवर भिस्त ठेवून चालत नाही.

एक उदाहरण घेऊन हे पाहू. समजा, पहिलटकरीण गरोदर असताना चौथ्या महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे रक्त तपासले आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह आले. या तपासणीत विषाणूचा तोच सदरा शोधतात. सापडला म्हणजे विषाणू आत्ता शरीरात आहे. तिला कधीच कावीळ झालेली नाही, प्रकृती ठणठणीत आहे. बहुधा तिला तो तिच्या स्वतःच्या जन्मावेळी मिळाला, ज्या काळात ही लस सरकारी कार्यक्रमात नव्हती. सासरच्यांनी दोष शोधत बसण्याचे काही कारण नाही.

यानंतर तिच्या रक्तातले विषाणूचे प्रमाण मोजतात. ते दर मिलिलिटरमागे दोन लाख एककांहून अधिक निघाले, तर शेवटच्या तिमाहीपासून टेनोफोव्हिरची रोज एक गोळी देतात, जेणेकरून प्रसूतीपर्यंत विषाणू कमी व्हावा. प्रसूती रुग्णालयातच व्हावी, हे आधी ठरवतात. सिझेरियन केवळ या कारणासाठी करायची गरज नसते.

समजा, बाळ पहाटे अडीच वाजता जन्मले. खरी कसोटी इथे लागते. लसीचे दहा डोसांचे छोटे बाटले आयएलआर फ्रीजमध्ये असतात, फ्रीजची किल्ली एकाकडे असते आणि एका बाळासाठी बाटली फोडायला काही ठिकाणी हात आखडतो, कारण बाकीचे नऊ डोस वाया जातील असे वाटते. ही भीती अनाठायी आहे. नीट थंड ठेवलेली, निर्जंतुक पद्धतीने वापरलेली आणि उघडल्याची तारीख-वेळ लिहिलेली बीची बाटली अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते. बाळाच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला अर्धा मिलिलिटर लस टोचायची. आई पॉझिटिव्ह असल्यामुळे दुसऱ्या मांडीत हेपेटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन द्यायचे, शक्यतो बारा तासांत. लस बाळाला स्वतःची प्रतिपिंडे बनवायला शिकवते. इम्युनोग्लोब्युलिन ती तयार करूनच देते आणि पहिल्या आठवड्यांत पहारा करते. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हे इंजेक्शन मोफत मिळते, म्हणून ते प्रसूतीच्या तारखेआधीच मागवून ठेवणे शहाणपणाचे.

अंगावर पाजायला हरकत नाही. उरलेले तीन डोस वेळेवर पूर्ण करायचे आणि नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान बाळाचे रक्त तपासायचे. तपासणी त्याआधी केली तर इम्युनोग्लोब्युलिनमधली उधारीची प्रतिपिंडे दिसून फसगत होऊ शकते. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस दहा किंवा त्याहून अधिक आले म्हणजे बाळ वाचले आणि सुरक्षितही आहे. दोन्ही निगेटिव्ह आले तर बाळ बाधित नाही, पण लसही लागू पडलेली नाही; डोस पुन्हा द्यावे लागतात. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आले तर मात्र बाळाची नियमित तपासणी सुरू होते. दरम्यान नवऱ्याचीही तपासणी होते. तो बाधित नसेल आणि त्याच्यात संरक्षक प्रतिपिंडेही नसतील, तर त्याला तीन डोस : आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी. स्त्रीला स्वतःला बाळंतपणानंतर सोडून देऊन चालत नाही. यकृताची एन्झाइमे, विषाणूचे प्रमाण आणि सोनोग्राफी ठरावीक अंतराने करत राहावे लागते, कारण गोळ्या कधी सुरू करायच्या हे त्यावरून ठरते. त्या विषाणू दाबून ठेवतात, पण पूर्ण घालवत नाहीत.

एवढे करूनही लस निकामी होऊ शकते, आणि याचे सर्वांत मोठे कारण बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट आहे. लस उन्हाने बिघडते हे सगळ्यांना माहीत असते. बीची लस गोठल्याने त्याहून लवकर बिघडते. तिच्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि प्रथिन त्यांना चिकटलेले असते. बर्फ झाला की कणांची गुठळी होते आणि पुन्हा वितळली तरी लस पहिल्यासारखी होत नाही. म्हणून तिला दोन ते आठ अंशांत ठेवतात आणि आयएलआरच्या तळाशी, बर्फाच्या अंगाला लावून ठेवत नाहीत. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये फ्रीजरमधून काढलेला घट्ट आइसपॅक तसाच घालणे ही नेहमीची चूक आहे. आइसपॅक आधी बाहेर ठेवायचा, हलवल्यावर आत पाण्याचा खळखळाट ऐकू आला की मगच वापरायचा. बाटलीवरचा व्हीव्हीएम नावाचा चौकोन उष्णतेने गडद होतो, पण गोठण्याची नोंद ठेवत नाही. चौकोन फिकट दिसतो म्हणून लस निर्धोक, असे नव्हे. संशय आला तर हलवून पाहण्याची चाचणी करतात. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित बाटलीबरोबर हलवायची आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. गोठवलेल्या बाटलीत गाळ भराभर तळाला बसतो आणि वर पाणी नितळते. संशयित बाटली तशीच वागली तर ती टाकून द्यायची.

प्रौढांसाठी बीची लस विचारात घेण्याचे कारण वर आले आहे : २००२ च्या आधी जन्मलेल्या बहुतेकांना ती मिळालेली नाही. रुग्णालयात काम करणारे, डायलिसिसवरचे, वारंवार रक्त घ्यावे लागणारे, बाधिताचे घरचे लोक आणि मधुमेही यांनी आधी तपासून मग तीन डोस घ्यावेत. रक्ताशी रोज संबंध येणाऱ्या परिचारिकेने किंवा सफाई कर्मचाऱ्याने तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजून घ्यावे, कारण शंभरातल्या काहींना लस लागू पडत नाही. ज्यांना पडली, त्यांना बूस्टर सहसा लागत नाही. पुढे प्रतिपिंडे मोजण्याइतकी उरली नाहीत तरी प्रतिकारशक्तीची आठवण शिल्लक असते.

डीविषयी फार सांगायची गरज नाही. १९७७ मध्ये इटलीत मारिओ रिझेत्तो यांना तो सापडला. तो बीचाच सदरा घालून पेशीत शिरतो. बी नसेल तर त्याला शिरायला वाटच नाही. म्हणून बीची लस घेतली की डीचाही बंदोबस्त होतो. आधीच बी असलेल्या माणसाला डी झाला तर यकृत लवकर बिघडते, म्हणून अशा रुग्णाची तपासणी डॉक्टर सुचवू शकतात.

उरला सी. तो रक्तातून पसरतो आणि बीसारखाच गुपचूप राहतो, फक्त इथे वयाचा उलटफेर नाही : प्रौढालाही झाला तर शंभरातल्या सत्तरच्या आसपास लोकांत तो मुक्काम ठोकतो. त्याच्यावर लस नाही, आणि त्याचे कारण त्याच्या नकलेत आहे. स्वतःची प्रत काढताना तो सतत चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. एकाच रुग्णाच्या शरीरात थोडे थोडे वेगळे असे अनेक सी एकाच वेळी असतात. प्रतिपिंडे एकाला ओळखेपर्यंत दुसरा पुढे येतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत लस दिलेल्यांत दीर्घकाळचा संसर्ग कमी झाला नाही. जे लसीला जमलेले नाही, ते गोळ्यांना जमले आहे. सीची ओळख १९८९ मध्ये पटली आणि त्यामागच्या कामासाठी हार्वी आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले. आता सोफोसब्युव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर या गोळ्या साधारण बारा आठवडे घेतल्या की शंभरातले पंचाण्णवच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून त्या मोफत मिळतात. पाचांपैकी औषधाने पूर्ण घालवता येणारा हा एकमेव मुरलेला विषाणू आहे.

सीच्या अहवालात एक गफलत वारंवार होते. अँटी-एचसीव्ही ही तपासणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधते, आणि ती बरे झाल्यावरही राहतात. शिबिरात पॉझिटिव्ह आलेल्या दहा जणांपैकी काहींच्या शरीरातून विषाणू केव्हाच आपोआप निघून गेलेला असू शकतो. तो आत्ता आहे की नाही, हे आरएनए तपासणी सांगते, आणि औषध त्यावरच सुरू होते. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासतात. न सापडल्यास रुग्ण बरा झाला असे धरतात. नंतर कधी कोणी त्याचे रक्त अँटी-एचसीव्हीसाठी तपासले आणि पॉझिटिव्ह आले, तर त्याने घाबरू नये, आपली उपचारांची कागदपत्रे दाखवावीत. पण या प्रतिपिंडांवर ढाल म्हणून मात्र विसंबून राहता येत नाही : बरा झालेला माणूस वापरलेल्या सुईतून पुन्हा सी घेऊ शकतो आणि बारा आठवड्यांचा उपचार त्याला पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो.